पत्ता पक्का नसताना टपाल कुठे मागवायचं : पोस्ट रेस्टँट आणि पोस्ट बॉक्स

माझ्या भाच्याला नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत नोकरी लागली. लातूरहून दोन बॅगा घेऊन निघाला आणि सीबीएसजवळच्या एका लॉजवर उतरला. कंपनीनं मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र पंधरा दिवसांत दाखवायला सांगितलं होतं आणि तीच फाइल घरी राहिली होती. ताईनं लॉजचा पत्ता घालून पाकीट स्पीड पोस्टानं पाठवलं. ते नाशिकला पोहोचलं त्याच्या आदल्याच दिवशी भाचा लॉज सोडून पाथर्डी फाट्याला मित्राच्या खोलीवर गेला होता. लॉजवाल्यानं पोस्टमनला सांगितलं, "गेले ते." पाकिटावर तसा शेरा पडला आणि पाकीट लातूरच्या वाटेला लागलं. रात्री भाच्याचा फोन आला, "मामा, माझी डिग्री परत गेली."

मी टपाल खात्यात डिलिव्हरीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. अशी पाकिटं रोज परत जाताना पाहिली आहेत आणि दर वेळी जीव हळहळला आहे, कारण यातल्या बऱ्याच पाकिटांना जागा देणारी सोय त्याच इमारतीत असते. नोकरीसाठी, शिक्षणासाठी नव्या गावी आलेले, भाड्याचं घर शोधणारे, पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करून चार महिने इकडेतिकडे राहणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. भाच्याचं पाकीट दुसऱ्या खेपेला कसं मिळवलं, तोच धागा धरून सांगतो.

आधी ठरवा : पोस्ट रेस्टँट की पोस्ट बॉक्स

पोस्ट रेस्टँट हा शब्द फ्रेंच आहे. टपाल पोस्टातच थांबवून ठेवायचं आणि ज्याचं आहे त्यानं येऊन न्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. पत्त्याच्या जागी पोस्ट ऑफिसचं नाव लिहितात. पोस्टमन ते घेऊन फिरत नाही. तुम्ही काउंटरवर जाता, ओळखपत्र दाखवता आणि घेता. यासाठी वेगळं भाडं भरावं लागत नाही.

पोस्ट बॉक्स म्हणजे पोस्टाच्या इमारतीतली कुलपाची पेटी. तिला क्रमांक असतो, चावी तुमच्याकडे असते आणि भाडं आगाऊ भरायचं असतं. "पोस्ट बॉक्स क्र. अमुक, तमुक मुख्य टपाल कार्यालय" असा तुमचा पत्ता होतो. पेट्या सगळ्या पोस्टांत नसतात. बहुतेक मोठ्या कार्यालयांत असतात आणि रिकामी असेल तरच मिळते.

पोस्ट बॉक्स घेताना नवख्या माणसाला एक अडचण येते. अर्जासोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मागतात. इथला पत्ता नाही म्हणून तर पेटी हवी, मग पुरावा आणायचा कुठून, असा पेच पडतो. अशा वेळी आधारवरचा गावाकडचा कायमचा पत्ता दाखवा, आणि सध्या इथे तात्पुरते राहतो हे अर्जात लपवू नका. कंपनीचं किंवा कॉलेजचं पत्र असेल तर सोबत जोडा. निर्णय पोस्टमास्तरांचा असतो. समोर बसून परिस्थिती सांगितली तर ते ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे.

माझं मत विचाराल तर दोन-चार पाकिटं यायची असतील आणि दोन-तीन महिन्यांत घर मिळेल असा अंदाज असेल, तर पोस्ट रेस्टँट पुरतं. वर्षभर फिरतीवर असाल, किंवा मासिकं, संस्थेची पत्रं, लोकांची उत्तरं असं सतत टपाल येणार असेल, तरच पेटी घ्या. भाड्याची मुदत संपण्याची तारीख मात्र डायरीत लिहून ठेवा. ती चुकली की पेटी दुसऱ्याला जाऊ शकते आणि तुमचा क्रमांक छापलेले कागद लोकांच्या हातात तसेच राहतात.

कोणतं पोस्ट निवडायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आपण खोलीच्या जवळचं, कोपऱ्यावरचं पोस्ट निवडतो. पण प्रत्येक पोस्टातून टपाल वाटलं जात नाही. काही उपडाकघरं फक्त बुकिंग आणि बचत खात्यांचं काम करतात, त्यांच्याकडे पोस्टमनच नसतात. त्यांना नॉन-डिलिव्हरी ऑफिस म्हणतात. अशा पोस्टाच्या नावानं पाठवलेलं पाकीट तिथे येतच नाही. ते त्या भागाच्या वाटप करणाऱ्या कार्यालयात जातं आणि तिथल्या कुणाला तुमची ओळख नसते. तुम्ही इकडे रोज चौकशी करता, पाकीट तिकडे पडून राहतं.

याचं मूळ पिनकोडच्या रचनेत आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि तो घडवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, आपल्या मराठी माणसानं. ते टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी होते. त्यांच्या रचनेत पहिले तीन अंक टपालाची छाननी होणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारं कार्यालय. म्हणजे पाकीट कुठे जाऊन थांबणार, हे त्या शेवटच्या तीन आकड्यांवर ठरतं. तुम्ही लिहिलेलं पोस्टाचं नाव आणि पिनकोड यांचा मेळ नसेल, तर छाननी करणारा पिनकोडच्या मागे जातो.

म्हणून नव्या शहरात सरळ मुख्य टपाल कार्यालय निवडा, ज्याला लोक जीपीओ किंवा हेड पोस्ट म्हणतात. नाशिकला ४२२००१, पुण्याला ४११००१, मुंबईला ४००००१, पणजीला ४०३००१. रिक्षाचे पैसे जास्त लागतील, पण तिथल्या लोकांना पोस्ट रेस्टँट हा शब्द माहीत असण्याची शक्यता खूप जास्त असते. लहान पोस्टात मी स्वतः नवीन मुलांना "हे काय असतं?" असं विचारताना ऐकलं आहे. त्यात त्यांचा दोष नाही, वर्षानुवर्षं असं पाकीट त्यांच्या हाताखालून गेलेलं नसतं.

पाकीट निघण्यापूर्वी काउंटरवर जा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळं काम तर हिच्यावरच उभं आहे. भाच्याला मी दुसऱ्या पाकिटाआधी जीपीओत पाठवलं. डिलिव्हरी विभाग कुठे बसतो ते विचारायला सांगितलं. तिकीट विकणाऱ्या काउंटरवर विचारून उपयोग नसतो. तिथे चार गोष्टी विचारायच्या होत्या. पोस्ट रेस्टँटचं टपाल इथेच मिळतं का, किती दिवस ठेवता, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत देता, आणि पार्सलही इथेच मिळेल का.

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आता बऱ्याच शहरांत पार्सलांचं वाटप पोस्टापासून वेगळ्या केंद्रातून होतं. पत्राचं पाकीट जीपीओत आणि पुस्तकांचं खोकं तीन किलोमीटरवरच्या केंद्रात, असं होऊ शकतं. मोठं खोकं मागवायचं असेल तर हे आधी कळायला हवं.

भाच्यानं एका कागदावर स्वतःचं नाव, मोबाइल नंबर, आणि "माझ्या नावे पोस्ट रेस्टँट टपाल येणार आहे, कृपया ठेवून घ्यावे, मी स्वतः येऊन नेईन" असं लिहून दिलं. असा अर्ज नियमानं लागतोच असं नाही. पण छाननीच्या टेबलावर तो कागद चिकटवलेला असला की पाकीट हातात येताच माणसाला आठवतं. नाही तर घराचा नंबर नाही, गल्ली नाही असं पाकीट समोर आलं की सवयीनं हात `Insufficient Address` या शेऱ्याकडे जातो. ट्रॅकिंगमध्ये हा शेरा दिसला तर समजा की पाकीट पोस्ट रेस्टँट म्हणून ओळखलंच गेलेलं नाही. त्याच दिवशी काउंटर गाठा. पाकीट परतीच्या पिशवीत बंद होऊन निघण्याआधी पोहोचलात तर तिथल्या तिथे थांबवता येतं.

पत्ता असा लिहा

पाठवणाऱ्याला तोंडी सांगू नका. लिहून पाठवा आणि तसाच उतरवायला सांगा.

```
(ओळखपत्रावर आहे तसं पूर्ण नाव)
पोस्ट रेस्टँट – स्वतः येऊन घेणार
मुख्य टपाल कार्यालय (जीपीओ)
नाशिक ४२२००१
मोबाइल : (तुमचा चालू नंबर)
```

दुसरी ओळ इंग्रजीतही ठळक अक्षरांत लिहावी, `POSTE RESTANTE`. पाकीट लातूरहून नाशिकला येताना किती हातांतून जाईल सांगता येत नाही, आणि पाठवणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर हे हवंच. पाकिटावर दुसरा कोणताही रस्ता, लॉज, मित्राचं घर लिहू नका. ताईनं विचारलं होतं, "लॉजचं नावही घालून ठेवू का, असलेलं बरं?" नाही घालायचं. एकदा रस्त्याचं नाव दिसलं की पाकीट त्या बीटच्या, म्हणजे त्या भागात वाटप करणाऱ्या पोस्टमनच्या पिशवीत जातं, वरच्या शब्दांकडे कुणी बघत नाही.

मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि नंबर हवाच. तुम्ही वेळेत गेला नाहीत, तर त्याच पत्त्यावर ते परत जाणार आहे.

नावाचा घोळ

काउंटरवर मी सगळ्यात जास्त वाद याच्यावरून पाहिले. पोस्ट रेस्टँटच्या टपालाला टोपणनाव, नुसती आद्याक्षरं किंवा नुसतं पहिलं नाव चालत नाही. पाकीट ज्याच्या नावे आहे तोच माणूस समोर उभा आहे हे ओळखपत्रावरून पटलं पाहिजे, कारण दुसरा कसलाच पुरावा तिथे नसतो. घरी पोस्टमन चेहरा ओळखतो. काउंटरवर तुम्ही अनोळखी असता.

आपल्या मराठी नावांची यात खास अडचण आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. विद्यापीठ एका पद्धतीनं लिहितं, बँक दुसऱ्या. थांबवलेलं टपाल कप्प्यांत अक्षरानुसार लावलेलं असेल तर एखादं पाकीट आडनावाखाली जातं, एखादं नावाखाली. म्हणून "माझ्या नावाचं काही नाही" असं उत्तर मिळालं तर नम्रपणे म्हणा, "साहेब, एकदा नावाच्या अक्षरातही बघता का?" दहापैकी काही वेळा तरी पाकीट तिथे निघतं.

लग्न झालेल्या मुलींना याचा फार त्रास होतो. विद्यापीठाचा कागद माहेरच्या नावावर येतो आणि आधार सासरच्या नावावर असतं. समोरचा कर्मचारी नियमाला बांधलेला असतो, तो पाकीट देऊ शकत नाही आणि ती बिचारी परत जाते. उपाय सोपा आहे. पाठवणाऱ्याला ओळखपत्रावरचंच नाव घालायला सांगा. ते शक्य नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत सोबत न्या.

स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्याला पाठवता येतं, पण सहीचं अधिकारपत्र, तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याचं स्वतःचं ओळखपत्र हवं. कोणत्या क्रमांकाचं पाकीट घ्यायला पाठवलं आहे, ते अधिकारपत्रात लिहा.

पाठवायचं कसं

साधं पत्र पोस्ट रेस्टँटला येतं, पण त्याचा माग काढता येत नाही. ते आलं की नाही, कुणालाच सांगता येणार नाही. महत्त्वाचा कागद स्पीड पोस्टानंच मागवा. २०२५ मध्ये देशातलं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे "रजिस्टर एडी करा" असं सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावं लागतं. आता स्पीड पोस्ट करतानाच जादा शुल्क भरून नोंदणीची सोय घेता येते. तशी घेतली की पाकीट त्याच माणसाला किंवा त्यानं अधिकार दिलेल्याला द्यायचं असतं. पोस्ट रेस्टँटसाठी मी हीच सुचवतो. ओटीपी घेऊन देण्याचीही सोय आहे. ती घेतली तर पाकिटाच्या नोंदीत तुमचा चालू मोबाइल नंबर गेला पाहिजे. ताई सवयीनं स्वतःचा नंबर देणार होती. तसं झालं असतं तर ओटीपी लातूरला वाजला असता आणि भाचा नाशिकच्या काउंटरवर उभा राहिला असता.

पावतीवर तेरा अक्षरांचा क्रमांक असतो, सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मधे नऊ आकडे आणि शेवटी `IN`. त्या पावतीचा स्पष्ट फोटो लगेच मागवून घ्या. काउंटरवर नुसतं नाव सांगण्यापेक्षा हा क्रमांक सांगितला की शोध मिनिटाभरात होतो. मूळ कागद पाठवताना त्यांची स्कॅन प्रत आधी काढून ठेवा.

पोस्ट बॉक्सचं थोडं वेगळं आहे. साधं टपाल पेटीत पडतं, पण सही लागणारं पाकीट पेटीत टाकत नाहीत. त्याची चिठ्ठी पेटीत असते, ती घेऊन काउंटरवर सही करून पाकीट घ्यायचं. चिठ्ठी बघायला आठ-आठ दिवस गेला नाहीत तर पाकीट परत जातं, म्हणून पेटी असली तरी आठवड्यातून दोन फेऱ्या माराच.

घ्यायला जाताना

ट्रॅकिंगवर पाकीट त्या कार्यालयात पोहोचल्याची नोंद दिसली की दुसऱ्या दिवशी जा. त्याच दिवशी धावू नका, पिशव्या उघडून नोंदी व्हायला वेळ लागतो. पण आठवड्यापेक्षा जास्त लांबवूही नका. काउंटरवर मुदत काहीही सांगितलेली असो, स्वतःचा हिशेब सात दिवसांचाच ठेवा.

भाच्याचं दुसरं पाकीट ताईनं सोमवारी लातूरला बुक केलं. बुधवारी सकाळी नाशिकला पोहोचल्याची नोंद आली. गुरुवारी तो कंपनीतून अर्धी सुट्टी घेऊन जीपीओत गेला. पहिल्यांदा "नाही आलं" असंच उत्तर मिळालं. त्यानं क्रमांक दाखवला. कर्मचाऱ्यानं यादीत बघितलं, उठून एका बीटच्या गठ्ठ्यात हात घातला आणि पाकीट काढलं. ते चुकून शेजारच्या रस्त्याच्या टपालात गेलं होतं. दुपारी पोस्टमनबरोबर बाहेर पडलं असतं तर पुन्हा शेरा पडला असता. टेबलावरचा त्याचा कागद त्या दिवशीच्या माणसानं पाहिला नव्हता, कारण ड्यूटी बदलली होती. म्हणून मी सांगतो, नोंद दिसल्यावर दुसऱ्याच दिवशी जा, आणि "नाही" या पहिल्या उत्तरावर परत फिरू नका.

ज्याला हा पत्ता चालत नाही

पासपोर्ट, आधार, मतदार ओळखपत्र यांच्या अर्जात पोस्ट रेस्टँट किंवा पोस्ट बॉक्स राहण्याचा पत्ता म्हणून देऊ नका. तिथे पत्ता म्हणजे तुम्ही राहता ती जागा, आणि पासपोर्टसाठी तर पोलीस पडताळणी होते. शक्य असेल तर पत्ता पक्का होईपर्यंत असे अर्ज लांबवा. आधार आणि पॅनची प्रत ऑनलाइन उतरवून घेता येते, तेवढ्यावर बरीच कामं होतात. बँकेचं कार्ड आणि चेकबुक शाखेत येऊन घेण्याची सोय आहे का, ते शाखेत विचारा.

खासगी कुरिअर पोस्ट रेस्टँटला येत नाही. ते टपाल खात्याच्या साखळीत नसतात, त्यांचा मुलगा पाकीट घेऊन जीपीओच्या काउंटरवर आला तरी ते तिथे स्वीकारलं जाणार नाही. ऑनलाइन खरेदी बहुधा कुरिअरनंच येते, म्हणून ती या पत्त्यावर मागवू नका. कागद पाठवणाऱ्या संस्थेला आधीच विचारा, "तुम्ही पोस्टानं पाठवता की कुरिअरनं?" कुरिअर असेल तर त्यांच्या कार्यालयातून स्वतः उचलण्याची सोय मागा.

जुन्या घराकडे येणारं टपाल

घर सोडून आलात तिथे अजून पत्रं येत असतील. तिथल्या वाटप कार्यालयात लेखी अर्ज द्या, की माझ्या नावचं टपाल अमुक पत्त्यावर वळवा. हा नवा पत्ता पोस्ट रेस्टँटचा असला तरी देता येतो. अर्जात घरातल्या कुणाकुणाचं टपाल वळवायचं ते नावानिशी लिहा, नाही तर फक्त तुमचं वळेल आणि आईचं पेन्शनचं पत्र जुन्या, बंद दारात पडेल. जमलं तर त्या बीटच्या पोस्टमनला स्वतः भेटा. अर्ज फायलीत असतो, पण पाकीट शेवटी त्याच्याच हातात येतं.

पक्कं घर मिळालं की जीपीओत जाऊन छाननीच्या टेबलावरचा तुमचा कागद काढून घ्यायला सांगा आणि उशिरा येणारं टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज द्या. पोस्ट बॉक्स असेल तर चावी परत करून पोच घ्या. भाच्याला दोन महिन्यांनी इंदिरानगरला खोली मिळाली. त्यानं हा अर्ज दिला आणि विद्यापीठाचं एक पाकीट तीन आठवड्यांनी वळून थेट त्याच्या दारात आलं.